कच्च्या केळ्यांची पावभाजी : तूप आधी, लोणी शेवटी

पावभाजी हा पदार्थ मुंबईच्या गिरणगावातून आला असे सांगतात. त्याचा पाया बटाटा, कांदा आणि लसूण या तीन वस्तूंवर रचलेला आहे. या तिन्ही आपल्या घरांत वर्ज्य असल्यामुळे आपल्याकडे पावभाजी शिजते ती मुळात पर्यायांची भाजी असते. मात्र पर्याय निवडताना बहुतेक घरांत एक गल्लत होते. बटाट्याऐवजी काय घालावे याचा विचार होतो, पण बटाटा त्या भाजीत नेमके कोणते काम करीत होता याचा होत नाही.

बटाट्याचे काम चवीचे नव्हेच. टोमॅटोचे पाणी, भाज्यांचा रस आणि वरची स्निग्धता या तिघांना एकत्र धरून ठेवणारा पिष्टमय गर तो पुरवतो. केवळ दुधी, वाटाणा आणि ढोबळी मिरची घोटून केलेली भाजी ताटात वाढली की मिनिटभरात तिच्या कडेने पाण्याचे वर्तुळ पसरते. ते वर्तुळ दिसले की समजावे, भाजीला धरून ठेवणारे कोणी नाही. आपल्या खानदेशात याचे उत्तर दाराशी उभे आहे, ते म्हणजे कच्चे केळे.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे रावेर-सावदा भागात गेली. केळीच्या पीककर्जाचे कागद तपासताना बागांची पाहणी करावी लागे. घड हिरवे असतानाच कापून उत्तरेकडे रवाना होतात, आणि मालमोटार भरताना निसटलेल्या हिरव्या फण्या गावात स्वस्तात मिळतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिकल्या फळाच्या कौतुकाने वाचले गेले. आमच्या घरात मात्र त्या फळाची खरी किंमत ते हिरवे असतानाच अधिक होती.

याचे कारण माझ्या आई. वय नव्वदीकडे झुकलेले, जमीकंदाचा आजन्म त्याग, चौविहार आणि लोण्याचाही त्याग. लोणी महाविगईत मोडते, म्हणून पुडीतले मीठ घातलेले लोणीही त्यांना चालत नाही. सुट्टीत पुण्याहून नातवंडे आली की त्यांचा हट्ट पावभाजीचा. मग स्वयंपाकघरात दोन पातेली चढत. मुलांच्या पातेल्यात लोणी पडे आणि आईंच्या वाट्याला वेगळी, बेचव अशी दुधीची भाजी येई. त्या काही बोलत नसत. मात्र पानावर बसताना ताट थोडे दूर सरकवून घेत, ते मला दिसत असे. एकाच पातेल्यातून चार पिढ्यांना वाढता येईल अशी भाजी हवी होती, आणि ती साधली ती लोणी व मसाला यांच्या क्रमामुळे.

सहा माणसांचे प्रमाण सांगतो. मध्यम आकाराची चार कच्ची केळी, पाव किलोहून थोडा अधिक दुधी, एक मोठी वाटी सोललेला वाटाणा, दोन ढोबळ्या मिरच्या आणि अर्धा किलो लाल, पिकलेले टोमॅटो. आमच्याकडे फ्लॉवर घालत नाहीत, कारण त्याच्या तुऱ्यांतील बारीक जीव धुऊन निघतात याची खात्री देता येत नाही. गाजर आणि बीट कंद म्हणून बाद. तेव्हा रंगाची सारी जबाबदारी टोमॅटो आणि काश्मिरी मिरचीवर येते, हे ध्यानात असू द्यावे.

केळे पूर्ण हिरवे आणि हाताला टणक लागले पाहिजे. देठाजवळ पिवळी छटा आली असेल तर आतील पिष्टाची साखर होऊ लागलेली असते. अशी भाजी गोडसर होते आणि तो गोडवा कोणत्याही मसाल्याने झाकत नाही. केळी धुऊन, दोन्ही टोके कापून, सालीसकट कुकरमध्ये ठेवावीत. साल आधी काढली तर चीक हाताला लागतो आणि गर हवेने काळवंडतो. काळे पडू नये म्हणून काही घरांत सोललेली केळी ताकात टाकतात. परंतु पुढे त्याच भाजीत वाटाणा पडणार असल्याने कच्च्या ताकाचा संबंध आला की द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. सालीसकट शिजवले की ताकाची गरजच उरत नाही.

दुसऱ्या भांड्यात दुधी आणि वाटाणा. दोन्ही भांडी एकाच कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या पुरतात. टोमॅटो मात्र या कुकरमध्ये अजिबात घालू नये. टोमॅटोच्या आंबटपणाने वाटाण्याची साल आकसते, तो लवकर मऊ होत नाही आणि नंतर कितीही घोटला तरी दाताखाली लागतो. वेळ वाचविण्यासाठी सगळे एकत्र शिजविणाऱ्यांची भाजी कण्या-कण्यांची होते, त्याचे बहुधा हेच कारण असते.

घोटणे हा या पदार्थाचा आत्मा, आणि खानदेशी माणसाला ते वेगळे शिकवावे लागू नये. आपल्याकडे वांग्याचे भरीत लाकडी बडगीत मुसळीने ठेचतात; आमच्या घरात बहुबीज म्हणून वांगे येत नाही, पण ठेचण्यामागचे तत्त्व तेच आहे. गर दाबून मोडावा, पात्याने कापू नये. केळी कुकरमधून निघताच, हाताला सोसवेल इतकी गरम असतानाच साल काढून घोटावीत. गार झालेल्या केळ्याचे पिष्ट घट्ट बसते आणि मग गुठळ्या मोडत नाहीत. मिक्सर वापरणे तर टाळावेच. त्याच्या वेगाने पिष्टाचे कण फुटून चिकट लापशी तयार होते आणि ती जिभेला गोंदासारखी लागते. केळी पूर्ण मऊ घोटावीत, दुधी व वाटाणा अर्धवट ठेचावा, म्हणजे भाजीला अंगही राहते आणि भाज्या ओळखूही येतात.

आता वादाचा मुद्दा. धुळ्याचे आमचे व्याही पावभाजीचे मोठे शौकीन. त्यांचे म्हणणे असे, की लोणी प्रथम, त्यावर मसाला आणि मग बाकी सर्व. ठेल्यावरचा माणूस असेच करतो. मी त्यांना म्हटले, "भाऊसाहेब, ठेल्यावरचा माणूस तव्यावर काय काय आधी टाकून ठेवतो, तेही बघा." त्या तव्यावर टोमॅटो, पाणी, भाजीचा ओलावा सतत असतो. घरच्या कोरड्या कढईत तसे नसते.

अखेर एका रविवारी दुपारी त्यांच्याच घरी दोन कढया शेजारी-शेजारी चढविल्या. शिजवून घोटलेली भाजी निम्मी-निम्मी, मसाला दोन्हींत दीड-दीड चमचा. त्यांच्या कढईत लोणी तापले, चुरचुरले आणि फेस आला. लोण्यात शंभरात सुमारे सोळा भाग पाणी असते, ते उडेपर्यंतची ही चुरचुर. पाणी संपले की लोण्यातील दुधाचा अंश तळाशी तांबूस होऊ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांनी मसाला टाकला. पंधरा-वीस सेकंदांत ठसका उठला, मिरचीचा लाल रंग विटकरी झाला. टोमॅटो घालून त्यांनी सावरले खरे, पण शेवटपर्यंत भाजीला किंचित कडवट झाक राहिली.

माझ्या कढईत दोन चमचे तूप. तुपात पाणी नाही आणि दुधाचा अंशही नाही, म्हणून ते तापले तरी जळकट होत नाही. पण याच कारणाने त्यात कोरडा मसाला थेट टाकणे अधिकच धोक्याचे. म्हणून आधी जिरे, पाव चमचा हिंग, मग अगदी बारीक चिरलेली ढोबळी मिरची. ती मऊ पडली की बारीक चिरलेले टोमॅटो आणि थोडे मीठ. टोमॅटोत पाणी आहे तोवर कढईतील उष्णता उकळीच्या पुढे जात नाही. आठ-दहा मिनिटांनी टोमॅटो गळून लगदा होतो आणि कडेला तुपाची लाल रेघ सुटते. मसाला घालण्याची घटका ती. भिजवून वाटलेली काश्मिरी मिरची, पावभाजी मसाला, अर्धा चमचा सुंठ, चिमूट हळद. मिरचीचा रंग आणि मसाल्यांचा सुगंध पाण्यात फारसा उतरत नाही, स्निग्ध पदार्थात उतरतो. म्हणून सुटलेले तूप हवे. तो जळू नये म्हणून खाली लगद्याचा ओलावा हवा. मंद आचेवर मिनिटभर परतले की तुपाची रेघ गडद होते आणि वास बदलतो. मग घोटलेल्या भाज्या आणि दोन वाट्या कडकडीत पाणी.

घोटलेली भाजी पडल्यावर वरून मसाला घालणारेही बरेच आहेत. त्यांचा मसाला जळत नाही हे खरे, पण तो उघडतही नाही. भाजी फिकट राहते आणि धण्याची कच्ची चव घशाशी रेंगाळते.

पुढे पंधरा मिनिटे मंद आच, मधूनमधून पुन्हा घोटणे. उलथन्याने कढईच्या तळाला रेघ ओढावी. ती लगेच मिटली तर भाजी पातळ, उघडीच राहिली तर घट्ट. हळूहळू मिटली तर झाली. केळ्याची भाजी ताटात आल्यावर आणखी आळते, म्हणून किंचित सैल असतानाच उतरवावी. कढई लोखंडी मात्र नको. कच्च्या केळ्यातील तुरट द्रव्य आणि टोमॅटोचा आंबटपणा लोखंडाला लागला की भाजी काळसर पडते. मसाला बाजारी असेल तर पुडीवरील घटक वाचावेत. हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो, लसूण नसल्याची नव्हे.

त्या दुपारी व्याह्यांनी दोन्ही वाट्यांतील भाजी चाखली आणि म्हणाले, "पण लोण्याशिवाय पावभाजी कसली?" त्यांचा आक्षेप रास्त होता. लोण्याचा तो विशिष्ट गंध नाजूक असतो. दीर्घ शिजविण्यात तो उडून जातो, म्हणूनच त्याची जागा शेवटी आहे. आच बंद केल्यावर, ज्याच्या त्याच्या वाटीत, वरून. त्यात मीठ असतेच, म्हणून पातेल्यातील मीठ थोडे कमी ठेवावे आणि लोणी न घेणाऱ्याच्या वाटीत वरून घालावे.

अशा रीतीने आमच्या घरी आता एकच पातेले चढते, तेही सूर्यास्ताच्या तासभर आधी. आई पाव घेत नाहीत. त्या ज्वारीच्या भाकरीशी खातात. तुपातल्या भाजीवर लिंबू पिळून घेतात, ताट मात्र मुलांच्या रांगेत असते. धाकट्या नातवाने एकदा लोण्याचा गोळा त्यांच्या वाटीत टाकण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी वाटीवर तळहात ठेवून हसत त्याला सांगितले, "तुझा तू घाल बाळा, माझ्यात तूप आधीच आहे."

रात्री उरलेले आपल्याकडे दुसऱ्या दिवशी चालत नाही, आणि या भाजीचे गार होऊन दगडासारखे आळणे पाहता चालू नयेच. दोघांपुरती करायची तर दीड केळे, दोन टोमॅटो आणि एक चमचा मसाला पुरतो. तूप मात्र चमच्याच्या खाली आणू नये, नाहीतर कडेला ती लाल रेघ सुटतच नाही आणि मसाला केव्हा घालावा ते कळत नाही.