डब्यावरचं १५+

ताईनं फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. तिचा सात वर्षांचा मुलगा सोफ्यावर, आणि त्याच्या गालाला चिकटलेलं एक हिरवं, केसाळ, सशासारख्या कानांचं, दात विचकणारं बाहुलं. खाली मावश्या-काकूंच्या बदामांची रांग. दोन मिनिटांत वहिनीचा मला वेगळा मेसेज आला: "हे कुठलं गं? तुला कळेल. आपल्या पिल्लूच्या वाढदिवसाला हेच घेऊ. अगदी हेच."

मला कळेल, कारण ऑफिसच्या डेस्कवर मॉनिटरखाली माझ्या फिगर्सची एक रांग आहे. (घरच्यांच्या भाषेत, 'एवढा पगार आणि आणते काय, तर बाहुल्या'.) पिल्लू म्हणजे माझी भाची, बावीस महिन्यांची. आत्या या नात्यानं खरेदी माझ्याकडे आली.

हा लबूबू आहे हे ओळखायला डेस्कवर रांग असायची गरज नाही. कासिंग लुंग या चित्रकारानं २०१५ मध्ये आपल्या चित्रपुस्तकांत त्याला जन्माला घातलं आणि पुढे पॉप मार्ट या चिनी कंपनीनं त्याला डब्यात घातलं. खरा प्रश्न असतो कुठल्या सिरीजमधला. किल्लीला लटकवायच्या, साधारण वीतभर उंचीच्या लबूबूंच्या तीन सिरीज जास्त दिसतात. बसलेल्या पोझमधला असेल तर 'हॅव अ सीट'. केसांचा रंग एका छटेतून दुसरीत विरघळत गेला असेल तर 'बिग इन्टू एनर्जी'. आणि अंगभर एकच मिठाईसारखा फिका रंग असेल तर 'एक्सायटिंग मॅकरॉन'. ताईच्या फोटोतला उभा आणि एकरंगी हिरवा होता. म्हणजे मॅकरॉनमधला 'ग्रीन ग्रेप'.

वहिनीला नाव कळवलं असतं तर ती पाच मिनिटांत ऑर्डर करून मोकळी झाली असती. पण 'कुठला आहे' आणि 'हा तोच आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर व्हॉट्सॅपच्या फोटोत मिळत नाही. तिथे फोटो इतका दाबला जातो की दातांच्या जागी पांढरी पट्टी उरते. इमेज सर्चचाही उपयोग नाही, ते सारखं दिसणारं सगळंच समोर ओततं. मी ताईला सांगितलं की तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, शिवाय तळपायाचा एक काढ आणि बाहुल्याचे दात मोज.

"दात मोजू?"

"मोज गं. नऊ हवेत."

दहा निघाले. तळपायावर कंपनीचं नाव असायला हवं होतं, तिथे नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. चेहरा खऱ्यापेक्षा किंचित चकाकणारा. म्हणजे लाफुफू. नकली लबूबूला जगभरची पोरं हेच म्हणतात. ताईनं तो जत्रेतल्या स्टॉलवरून तीनशे रुपयांना घेतला होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या मुलाला त्यानं काही फरक पडत नव्हता.

फरक दुसरीकडे होता. डबा कधीच कचऱ्यात गेला होता, पण डबा उघडतानाचा व्हिडिओ ताईकडे होता. तो थांबवत थांबवत पाहिला तेव्हा डब्याच्या कडेला अक्षरं दिसली: ३+. खऱ्या लबूबूच्या डब्यावर १५+ असतं. म्हणजे नकली माल मूळ कंपनीपेक्षा जास्त भरवसा देत होता.

या आकड्यांबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. वय म्हणजे हुशारी. "आमचा दीड वर्षाचा आहे, पण चार वर्षांच्या मुलाचं पझल लावतो", असं म्हणत लोक ३+ खेळणी घेतात. पण या ३ चा बुद्धीशी संबंध नाही, तोंडाशी आहे. तीन वर्षांखालचं मूल हाताला लागलेली वस्तू तोंडात घालून तपासतं, आणि पोर जितकं चौकस तितकं जास्त तपासतं. म्हणून डब्यावर लाल वर्तुळात रडवेलं तोंड, ०-३ आणि त्यावर तिरकी रेघ असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, हे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, बहुतेकदा यात सुटे किंवा सुटू शकणारे छोटे भाग असतात म्हणून.

छोटा म्हणजे किती, हे मोजायला प्रयोगशाळेत एक साधं नळकांडं असतं, स्मॉल पार्ट्स सिलिंडर. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला साधारण अडीच सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला पावणेसहा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून तोंडाचा अंदाज करा. न दाबता, कुठल्याही बाजूनं धरून वस्तू यात पूर्ण मावली तर ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते असं मानतात. आणि हे फक्त नव्याकोऱ्या खेळण्यावर करून थांबत नाहीत. खेळणं आपटतात, पिळतात, त्याचे डोळे-नाक-पाय ओढतात, आणि मग जे तुटून हातात येतं तेही नळकांड्यात टाकून बघतात. युरोपच्या मानकात ओढायचा जोर, भाग सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर, ९० न्यूटन आहे. म्हणजे त्या बाहुल्याच्या नाकाला नऊ किलोची पिशवी टांगल्यासारखं.

आता १५+. मला वाटायचं की ३+ च्या पुढची ही पायरी असेल, जरा जास्त नाजूक वगैरे. पण ही पायरीच वेगळ्या जिन्याची आहे. युरोपच्या २००९ च्या खेळणी सुरक्षा निर्देशात, कुठल्या गोष्टींना खेळणं म्हणायचं नाही, याची एक यादी आहे. संग्राहकांसाठीच्या वस्तू त्यात येतात, अट एवढीच की १४ वर्षं आणि त्यावरच्या संग्राहकांसाठी असल्याचं वस्तूवर किंवा डब्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. भारतातही खेळण्यांच्या २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशात खेळण्याची व्याख्या १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळापुरती आहे. थोडक्यात, १५+ लिहून कंपनी सांगते की हे खेळणं नाही. खेळणं नाही, तर खेळण्याच्या त्या चाचण्यांचं आश्वासनही नाही. वस्तू वाईट आहे असं याचा अर्थ नाही. लहान मूल तिचं काय करेल हे तपासल्याचा दावा कोणी केलेला नाही, एवढाच आहे.

गंमत अशी की केसाळ, कुशीत घ्यावंसं वाटणारं मऊ बाहुलं हे तीन वर्षांखालच्या मुलांचंच खेळणं मानायचं, असं युरोपचं मानक म्हणतं. तिथे मऊ अस्वलावर ३+ छापून निर्मात्याला हात झटकता येत नाहीत. लबूबू दिसतो त्या अस्वलासारखाच, पण राहतो कुंपणाच्या बाहेर. बावीस महिन्यांच्या बाईंना हे कुंपण दिसत नाही.

वहिनीला हे सगळं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मग खरा घे. महाग असला तरी चालेल."

मीही खरा शोधलाच. एक तर लबूबू बंद डब्यात येतो, सहांपैकी कुठला निघेल ते उघडल्यावर कळतं. 'अगदी हेच' हवं असेल तर कुणीतरी आधीच उघडलेला घ्यावा लागतो. इन्स्टाग्रामवर एका विक्रेत्याकडे ग्रीन ग्रेप होता. मी डब्याचे सगळ्या बाजूंचे फोटो मागितले. त्यानं समोरचा पाठवला. पुन्हा मागितले, तेव्हा मागचा आणि खालचा आला. १५+ स्पष्ट होतं. भाची लहान आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ते फक्त लीगलसाठी लिहितात. सगळे लहान मुलांनाच घेतात."

त्याचं पहिलं वाक्य अगदी बरोबर होतं. ते लीगलसाठीच लिहितात. मात्र त्यातून तो जो दिलासा काढत होता तो निघत नाही. त्या लबूबूला धातूची कडी होती, कडीला क्लिप होती, चेहरा आणि पंजे कडक प्लास्टिकचे होते आणि बाकी अंगभर केस होते. यातलं एकेक मी मनातल्या मनात नळकांड्यात टाकून पाहिलं. मी त्याला नाही म्हटलं.

त्यानंतर ताईला फोन केला. हा फोन जास्त अवघड होता. तिच्या हौसेवर पाणी ओतायचं नव्हतं, पण तिच्या घरी सात वर्षांच्या दादाबरोबर दहा महिन्यांची, रांगणारी धाकटीही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं नकली लबूबूंबद्दल तातडीचा इशारा दिला होता: ते सहज सुटतात, आणि लहान मुलांच्या घशात अडकून जीव जाण्याचा धोका आहे. मी ताईला एवढंच म्हटलं, "एक पाय धरून ओढून बघ. जरा जोर लाव."

फोनवर क्षणभर शांतता. मग, "अगं, आला की हातात."

पाय दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान होता. दादाची समजूत कशी काढली ते मला माहीत नाही. बाहुलं आता कपाटावर आहे, एका पायानं.

पिल्लूसाठी शेवटी हिरवाच, पण कापडी ससा घेतला. डोळे भरतकामाचे, कडी नाही, दोरी नाही. लेबलवर आयएसआय चिन्ह, वर आयएस ९८७३ आणि खाली सीएम/एल नंबर. चिन्ह कुणीही छापू शकतं, म्हणून बीआयएस केअर ॲपमध्ये 'व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स' उघडून तो नंबर टाकला. निर्मात्याचं नाव लेबलशी जुळलं, परवाना चालू होता, आणि परवान्यात उत्पादन खेळणंच लिहिलेलं होतं. शेवटचं बघायचं विसरू नका. दुसऱ्याच वस्तूचा खरा नंबर उचलून छापलेला असू शकतो.

वहिनीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "छान आहे. पण हे ते नाही ना?"