हजेरीचा छेद

सत्र संपत आलं की विभागाच्या सूचनाफलकावर डिफॉल्टरांची यादी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास टीचरच्या टेबलाभोवती गर्दी होते. जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं एकच असतं, ‘सर, मी आलो होतो.’ म्हणजे भांडण अंशाशी. यादी खरोखरच चुकलेली असते तेव्हा मात्र चूक बहुतेकदा छेदात सापडते. तास एकूण झाले किती, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही. विचारलंच तर शिक्षकालाही उत्तरासाठी डायरी उघडावी लागते.

*

साधा तक्ता असा असतो. पहिल्या तीन रकान्यांत रोल नंबर, पीआरएन आणि नाव. चौथ्या ओळीत तारखा, म्हणजे झालेले तास. पाचव्या ओळीपासून मुलं. तास ४४ झाले असतील तर तारखा D पासून AU पर्यंत जातात आणि पहिल्या मुलाची टक्केवारी अशी निघते:

```
=COUNTIF(D5:AU5,"P")/COUNTA(D$4:AU$4)
```

सूत्र खाली ओढताना तारखांची ओळ जागची हलू नये म्हणून 4 च्या आधी डॉलर. तो राहिला तर दुसऱ्या मुलाचा छेद पहिल्या मुलाच्या हजेरीच्या ओळीवरून मोजला जातो. गंमत म्हणजे ती ओळ पूर्ण भरलेली असेल तर उत्तर बरोबरच येतं, आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही. एखाद्याच्या ओळीत रिकामे चौकोन असले की त्याच्या खालच्याची टक्केवारी आपोआप वाढते. कुणाचं तरी ११२ टक्के दिसलं तर आधी डॉलर बघावा.

*

तारीख लिहिली की तास झाला, असं हे सूत्र धरून चालतं. काही शिक्षक सत्राच्या सुरुवातीलाच वेळापत्रक बघून सगळ्या तारखा भरून ठेवतात. मग पावसाने सुट्टी जाहीर झाली, तास झाला नाही, तरी तारीख तशीच राहते आणि अख्खा वर्ग त्या दिवशी गैरहजर ठरतो.

मास बंकचा रकानाही असाच कोरा दिसतो, पण तिथे तास धरायचा असतो, कारण सर वर्गात जाऊन उभे होते. म्हणून त्या दिवशी सगळ्यांपुढे A लिहावाच. कोरा रकाना म्हणजे झालेला तास की न झालेला, हे दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

तिसरा प्रकार बदली तासाचा. गणिताच्या मॅडम रजेवर, त्यांच्या तासाला डेटाबेसचे सर आले आणि त्यांनी आपलाच धडा पुढे नेला. हा तास डेटाबेसचा. पण वेळापत्रकावरून तारखा भरणाऱ्याच्या तक्त्यात तो गणिताचाही लागतो.

*

तपासणीचा रकाना शेवटी असावाच. त्यात झालेल्या तासांतून P, A आणि D (ड्यूटी लीव्ह) वजा करायचे. उत्तर शून्य यायला हवं.

```
=COUNTA(D$4:AU$4)-COUNTIF(D5:AU5,"P")-COUNTIF(D5:AU5,"A")-COUNTIF(D5:AU5,"D")
```

शून्य आलं नाही तर त्या ओळीत कोरा चौकोन आहे किंवा भलतंच काही टाइप झालंय. नेहमीची खोडी म्हणजे P च्या मागे पडलेली स्पेस. डोळ्यांना तो P च दिसतो, COUNTIF त्याला मोजत नाही. लहान p मात्र चालतो. मोबाइलवरून हजेरी भरणाऱ्यांच्या तक्त्यात ही स्पेस हमखास असते, कारण कीबोर्ड सुचवलेल्या अक्षरानंतर ती स्वतःच टाकतो.

*

प्रॅक्टिकलचा तक्ता मला नेहमी जास्त संशयास्पद वाटतो. थिअरीला सगळा वर्ग एकत्र बसतो, प्रॅक्टिकलला बॅचेस पडतात. समजा बी-१ ची बॅच सोमवारी आणि बी-३ ची गुरुवारी. सत्रातल्या सुट्ट्या सोमवारी जास्त आल्या तर बी-१ ची प्रॅक्टिकल ८ होतात आणि बी-३ ची ११. आता लॅबच्या तक्त्यात वर एकच आकडा लिहिलेला असेल, ११, तर बी-१ मधली एकही प्रॅक्टिकल न चुकवणारी मुलगी ८ भागिले ११ म्हणजे ७२.७३ टक्क्यांवर येते आणि यादीत लागते. तिचं जर्नल पूर्ण असतं, प्रत्येक प्रयोगावर सही असते आणि तरीही टर्म ग्रँट होणार नाही असं तिला सांगितलं जातं.

ही चूक ओळखणं सोपं आहे. यादी लावण्याआधी तिच्यातले रोल नंबर नुसते वाचून काढावेत. खरे दांडीबाज वर्गभर विखुरलेले असतात. १ ते २२ रांगेने आले तर मुलं दोषी नाहीत, बॅचचा छेद चुकलाय. उपाय एवढाच की प्रत्येक बॅचला तारखांची स्वतःची ओळ द्यायची. शिवाय दोन तासांचं प्रॅक्टिकल एक धरायचं की दोन, हे सगळ्या विषयांसाठी एकदाच ठरवावं. एकाच विषयात फरक पडत नाही, पण थिअरी आणि प्रॅक्टिकल एकत्र मोजताना पडतो.

*

एका मुलाचे ५५ पैकी ४१ तास. टक्केवारी ७४.५५. चौकोनात दशांश दाखवायचे नाहीत असं ठरवलेलं असेल तर तिथे ७५% दिसतं. पण यादी काढणारं सूत्र आतली किंमत बघतं, दिसणारी नाही. त्यामुळे तो मुलगा यादीत येतो आणि त्याच्या नावापुढे ७५% छापलेलं असतं. त्याने भांडायला यायचं नाही तर काय करायचं?

दोन दशांश दाखवावेत हे झालंच. पण टक्केवारीच्या नादी न लागता पूर्णांकांची तुलना करणं मला जास्त आवडतं. AV मध्ये हजर तास आणि AW मध्ये झालेले तास असतील तर:

```
=IF(4*AV5<3*AW5,"कमी","")
```

४१ चौक १६४, ५५ त्रिक १६५. एका अंकाने गेला. हे पालकांना कागदावर करून दाखवता येतं आणि मग ‘पंच्याहत्तरच तर आहे’ हा वाद राहत नाही. त्याला सवलत द्यायची असेल तर ती प्राचार्यांनी सही करून द्यावी, ROUND ने परस्पर देऊ नये.

*

एनएसएसचं शिबिर, विद्यापीठाचा युवक महोत्सव, कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. पत्र आलं की ड्यूटी लीव्ह लागते. प्रश्न ती कुठे लावायची याचा आहे. ४४ तास झाले, मुलगा २९ ला बसला, ४ तास स्पर्धेत होता. ते चार हजेरीत मिळवले तर ३३ भागिले ४४, बरोबर ७५ टक्के, तो सुटला. तेच चार झालेल्या तासांतून वजा केले तर २९ भागिले ४०, म्हणजे ७२.५, अडकला. एकाच मुलाला एका विषयात एक पद्धत आणि दुसऱ्यात दुसरी लागलेली मी पाहिली आहे, कारण दोन शिक्षकांचे दोन तक्ते होते. पहिली पद्धत मुलाच्या बाजूची आहे. दुसरीत सुटलेला पहिलीत कधीच अडकत नाही.

उशिरा प्रवेश घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न छेदाचाच असतो. प्रवेशाची शेवटची फेरी संपेपर्यंत कधी कधी दहा-बारा तास होऊन गेलेले असतात. ते त्यांच्या नावावर गैरहजेरी म्हणून मोजायचे की प्रवेशाच्या तारखेपासून मोजायला सुरुवात करायची, हे नियमात शोधावं आणि सूचनेत लिहावं. कोरे चौकोन ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

*

विषयवार टक्केवारी झाली की पुढचा मोह सगळ्यांची सरासरी काढण्याचा. ४८ पैकी ३०, ४८ पैकी ३३ आणि ट्युटोरियलचे १२ पैकी १२. टक्के अनुक्रमे ६२.५०, ६८.७५ आणि १००. यांची सरासरी ७७.०८ येते, मुलगा पास. पण सगळे तास एकत्र केले तर १०८ पैकी ७५ म्हणजे ६९.४४. बारा तासांच्या ट्युटोरियलने ४८ तासांच्या विषयाइतकंच वजन ओढलं, म्हणून हा फरक.

त्यामुळे ‘७५ टक्के हवेत’ एवढं वाक्य पुरत नाही. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ६०८६ मध्ये प्रत्येक विषयात किमान ५० आणि सरासरी ७५ अशी दुहेरी अट आहे. बार कौन्सिलचा २००८ चा नियम प्रत्येक विषयात ७० टक्के मागतो. अपवाद म्हणून एखाद्या विषयात ६५ चालतात, पण मग एकूण ७० भरावे लागतात. बी.फार्म.ला ८०, तेही थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळं मोजून. दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राची एक्सेल फाइल मागून आणायची सवय आपल्याकडे फार आहे. त्या फाइलबरोबर त्याच्या कॉलेजाचा नियमही गुपचूप येतो.

*

क्रमवारीने तक्ता लावताना फक्त नावांचा रकाना निवडला गेला तर नावं हलतात, हजेरी जागेवर राहते. सगळी बेरीज बरोबर, माणसं चुकीची. तपासणीचा रकाना इथे काही बोलत नाही. म्हणून विषयांचे तक्ते एकत्र करताना ओळीच्या क्रमावर विसंबू नये, पीआरएनवरून शोधून आणावं. रोल नंबर प्रवेश रद्द झाले की सरकतात, पीआरएन सरकत नाही.

*

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून रोखू नये, असा निकाल दिला. बातम्यांत तेवढंच गाजलं. त्याच निकालात हजेरी दर आठवड्याला विद्यार्थ्यांना कळवावी आणि कमी असेल तर पालकांना दर महिन्याला कळवावं, असंही म्हटलं आहे. तक्ता भरणाऱ्याला खरं काम या दुसऱ्या भागात आहे. आठवड्याला यादी लावायची तर हजेरी त्याच दिवशी भरावी लागते. सत्राच्या शेवटी तीन रात्री बसून कॅटलॉगवरून उतरवण्याची सोय राहत नाही.

*

एक मुलगा विचारायला आला, ‘आता रोज आलो तर होईल ना?’ त्याचे ४४ पैकी ३० तास होते, ६८.१८ टक्के. ४४ ला ३३ हवेत, म्हणजे तीन कमी. त्याला वाटत होतं, अजून तीन तास बसलं की झालं. पण तो बसतो तेव्हा छेदही वाढतो. तीनची तूट भरायला चौपट, म्हणजे सलग १२ तास लागतात: ५६ पैकी ४२. सत्रात उरले होते ८. सगळे बसला तरी ५२ पैकी ३८, ७३.०८.

त्याला हे आधी कळायला हवं होतं, आणि ते टक्केवारीतून कळत नाही. ५२ तास होणार असतील तर १३ चुकवता येतात. त्याचे १४ चुकवून झाले होते. यादीत टक्क्यांशेजारी एक रकाना वाढवून ‘अजून किती चुकवता येतील’ हा आकडा द्यावा, असं मी विभागाच्या बैठकीत सुचवलं. एचओडी म्हणाले, ‘म्हणजे पोरं तेवढे मोजून चुकवतील.’ चुकवतीलच. आत्ताही चुकवतात, फक्त न मोजता.