अकरा नग

आठवीच्या वह्या तपासताना एका मुलीच्या निबंधात 'इन्फर्मेशन्स' दिसलं आणि शेवटच्या 'स'वर मी लाल रेघ मारली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. "बाई, हे का चुकलं?" वर्षानुवर्षं देत आले तेच उत्तर मी दिलं. जे मोजता येत नाही त्याचं अनेकवचन होत नाही. इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, फर्निचर, सगळे त्यातलेच. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण बाई, मे महिन्यात आम्ही घर बदललं तेव्हा फर्निचर मोजलं होतं. टेम्पोवाल्या काकांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, अकरा नग."

तिचं बरोबर होतं. माझं उत्तर अपुरं होतं.

संध्याकाळी तांदूळ निवडायला बसले आणि तोच प्रश्न ताटात समोर आला. तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, आधणात तांदूळ वैरले. इथवर सगळं अनेकवचन. झाकण काढलं आणि तोंडून आलं, भात झाला. दाणे तेवढेच होते, मोकळे आणि वेगवेगळे दिसतही होते, तरी ते आता 'एक' झाले होते. डब्यांकडे पाहिलं तर गहू 'आणले' होते आणि ज्वारी 'आणली' होती. ज्वारीचा दाणा मोजायला गव्हापेक्षा अवघड थोडाच आहे? इंग्रजीतही व्हीट एकवचनी आणि ओट्स अनेकवचनी. आपण केस विंचरतो, ते अनेक. इंग्रज माणूस हेअर विंचरतो, ते एक. म्हणजे मोजता येणं हा वस्तूचा गुण असला, तरी कशाला सुटं मानायचं आणि कशाला एकत्र, हे प्रत्येक भाषा आपापल्या परीनं ठरवते.

फर्निचरच्या बाबतीत ते कसं ठरलं, हे त्या शब्दाच्या जन्मात दिसतं. तो फ्रेंचमधून आला. 'फुर्निर' म्हणजे पुरवणं, त्यावरून 'फुर्नित्यूर', पुरवठा. इंग्रजीत आल्यावर बराच काळ त्याचा अर्थ सज्ज करणं, लागेल ते पुरवणं असाच होता. घोड्याच्या खोगीर-लगामालाही फर्निचर म्हणत. दाराच्या कड्या-मुठींना अजून म्हणतात. आधी क्रिया, मग त्या क्रियेतून जमलेलं सामान, आणि शेवटी घरातली टेबलं-खुर्च्या. खुर्ची हे एका वस्तूचं नाव आहे, म्हणून तिच्या खुर्च्या होतात. फर्निचर हे घर सजवण्या-सावरण्याचं नाव आहे. खुर्ची, कपाट, पलंग असे एकमेकांशी न जुळणारे जीव त्या एका कामापुरते एकत्र आलेले असतात. फ्रेंचांनी मात्र घरातल्या या वस्तूंना 'मब्ल', म्हणजे हलवता येणारी वस्तू, म्हटलं. ते एकेका नगाचं नाव, म्हणून त्याला अनेकवचन आहे.

इन्फर्मेशनही मुळात क्रियाच. लॅटिनमध्ये तिचा अर्थ आकार देणं, पुढे मनाला आकार देणं. आपली 'माहिती' तिच्या जवळची आहे. माहीत असण्याची ती अवस्था, म्हणून मराठीतही कुणी तिचं अनेकवचन करत नाही. अ‍ॅडव्हाइसशी मात्र आपलं जुळत नाही, कारण सल्ल्याचे सल्ले सर्रास होतात. इंग्रजीतही पूर्वी हे दार बंद नव्हतं. परगावाहून आलेल्या व्यापारी खबरींना 'अ‍ॅडव्हाइसेस' म्हणत, आणि सरकारी वकिलानं दाखल केलेल्या एका प्रकारच्या आरोपपत्राला कायद्यात इन्फर्मेशन म्हणतात, तेव्हा 'इन्फर्मेशन्स' अगदी शुद्ध ठरतं. हातात धरता येईल असा कागद झाला की तोच शब्द मोजला जातो.

आणि मन? मन फर्निचरला पिठासारखं एकसंध समजतं का? बार्नर आणि स्नेडेकर या संशोधकांनी 2005 मध्ये हे तपासलं. एकाकडे एकच मोठी वस्तू आणि दुसऱ्याकडे अनेक छोट्या, जास्त कुणाकडे? टूथपेस्टबद्दल विचारलं तर लोक आकारमान पाहत, बुटांबद्दल विचारलं तर संख्या. फर्निचरबद्दल विचारल्यावरही त्यांनी संख्याच पाहिली, चार वर्षांच्या मुलांनीसुद्धा. अनेकवचन नसलं तरी मोजणं थांबत नाही, हेच माझ्या विद्यार्थिनीनं टेम्पोजवळ उभं राहून पाहिलं होतं. असा शब्द मोजायचा तर त्याच्या हाताशी दुसरा शब्द द्यावा लागतो. इंग्रजीत 'पीस', सामान चढवताना 'नग', माहिती देताना 'चार गोष्टी'.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं आणि माझं कालचं उत्तर मागे घेतलं. तांदूळ आणि भात सांगितल्यावर ती पटकन म्हणाली, "आणि पोहे? ते भिजवले तरी पोहेच राहतात." हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग तिनं वही उघडली, लाल रेघेखाली 'थ्री पीसेस ऑफ इन्फर्मेशन' असं इंग्रजीत लिहिलं, आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात, 'तीन नग'.