एका संध्याकाळी लिहिलेली दोन पत्रं

मंडळी, नोकरी मिळाल्याच्या गोष्टी आपण इथे बऱ्याच वाचल्या. आज एक नोकरी नाकारल्याची गोष्ट सांगतो. माझ्या पुतणीची आहे, तिला विचारूनच लिहितोय. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही, कारण आपलं हुबळी-धारवाड म्हणजे एकाने शिंकलं की दुसऱ्याला कळतं.

पोरगी हुबळीतच इंजिनिअर झाली. तीन वर्षं तिथल्याच एका ऑफिसात नोकरी करत होती. माळमड्डीहून रोज चिगरी बसने जाणं-येणं. मागच्या वर्षी तिने दोन ठिकाणी अर्ज केले आणि आठवडाभरात दोन्हीकडून ऑफर लेटर आलं. एक पुण्याची मोठी कंपनी, वर्षाला ९ लाख ६० हजार. दुसरी गोकुळ रोडवरची बावीस माणसांची कंपनी, ७ लाख २० हजार. हुबळीच्या मालकांनी स्वतः दोनदा मुलाखत घेतली होती. आमच्या दादाची आणि त्यांची तोंडओळखही होती. दोघांनीही उत्तराला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती.

मी एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात तीस वर्षं काढली. त्यामुळे असलं काही आलं की घरचे कागद माझ्याकडे सरकवतात. पहिल्यांदा आम्ही दोघं पगाराच्या तक्त्याला बसलो.

ऑफरवरचा आकडा म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. हातात येणारा पगार वेगळा. पुण्याच्या ९ लाख ६० हजारांत १ लाख २० हजार कामगिरीवर मिळणारे होते, म्हणजे मिळाले तर मिळाले. ६० हजार जॉइनिंग बोनस, तोही एकदाच, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. उरलेल्यात कंपनीचा पीएफचा वाटा २१ हजार ६००, ग्रॅच्युइटीची तरतूद साडेअठरा हजार आणि विम्याचे दहा हजारांच्या आसपास. ग्रॅच्युइटी तर सहसा पाच वर्षं टिकल्याशिवाय हातात पडत नाही. हे सगळं वजा केलं की महिन्याला साधारण ६० हजार ८०० उरतात. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५८ हजार ८००.

हुबळीच्या कंपनीत बदलता भाग नव्हता, बोनसही नव्हता. तोच हिशेब करून हातात ५४ हजार ६०० येत होते. नव्या करपद्धतीत दोन्हीकडे आयकर शून्य. म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजारांचा दिसणारा फरक दरमहा चार हजारांवर आला. पुण्यात खोली आणि डबा धरला तर ती उलट तोट्यातच जाणार होती.

"मग हुबळीच की," दादा म्हणाला.

पोरगी म्हणाली, "बाबा, पैशासाठी नाहीच जात मी. तिथलं काम वेगळं आहे. मला ज्यात पुढं जायचंय ते काम इथं दोन वर्षं तरी मिळणार नाही."

निर्णय तिचा होता, तो झाला. बुधवारी तिने पुण्याला तीन गोष्टी विचारणारं मेल पाठवलं. सध्याच्या ठिकाणी नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का? कामाचं ठिकाण पुणेच राहील ना? बोनस परत करायचा झाला तर पूर्ण की राहिलेल्या महिन्यांच्या हिशेबाने? गुरुवारी दुपारी तिन्हींची उत्तरं लेखी आली. तारीख त्यांनी बदलून दिली.

गुरुवारी संध्याकाळी ती होकाराचं मेल लिहायला बसली. आमच्या वहिनींचा वाद तिथेच सुरू झाला.

"भावजी, पुण्याला हो म्हणू दे. पण हुबळीवाल्यांना आत्ताच नाही कशाला म्हणायचं? त्यांनाही हो म्हणून ठेवायचं. पुण्याला हजर झाल्यावर कळवलं म्हणजे झालं. हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं?"

वहिनींची भीती खोटी नव्हती. ऑफर लेटरमध्ये कागदपत्रांची पडताळणी वगैरे अटी असतात, आणि कंपन्या ऑफर मागे घेतात हेही होतं. पण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तीस वर्षं बसलोय. एका जागेसाठी आम्ही एकाची निवड करायचो आणि दोघांची नावं प्रतीक्षायादीत ठेवायचो. निवडलेला "येतो" म्हणायचा आणि रुजू व्हायच्या दिवशी सकाळी त्याचा फोन बंद. तोवर यादीतला दुसरा वाट बघून कुठेतरी लागलेला असायचा आणि तिसरा गावी परतलेला असायचा. पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती. मोठी कंपनी हे पचवते. बावीस माणसांच्या ठिकाणी दोन महिने खुर्ची रिकामी राहिली की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दोघांचं काम ओढतो.

मी वहिनींना म्हटलं, "तिच्या हातात आत्ता खरोखर काय आहे? चालू नोकरी. तिचा राजीनामा अजून दिलेला नाही. पुण्याचं पक्कं होईपर्यंत तो द्यायचा नाही, हाच तिचा आधार. त्यासाठी तिसऱ्या माणसाला टांगून ठेवायची गरज नाही."

वहिनी गप्प बसल्या. पटलं असं नाही, पण गप्प बसल्या.

होकाराच्या पहिल्या मसुद्यात पोरीने लिहिलं होतं, "मला ही नोकरी मान्य आहे, मात्र शनिवारी घरून काम करण्याची मुभा मिळावी." तिथे मी तिला थांबवलं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे, स्वीकार हा संपूर्ण आणि बिनशर्त हवा. होकारात "मात्र" आला की तो होकार राहत नाही, ती तुमच्या बाजूची नवी ऑफर होते. मग हो म्हणायचं की नाही हे समोरच्याच्या हातात जातं. जे मागायचं ते होकाराच्या आधी मागायचं, जसं तिने बुधवारी मागितलं होतं. शनिवारचं तेव्हा सुचलं नाही, तर आता ते सोडायचं किंवा वेगळं विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं. तिने सोडलं.

मेल इंग्रजीत गेलं, त्याचा मजकूर मराठीत असा:

"आपल्या अमुक तारखेच्या ऑफर लेटरनुसार अमुक पदाची नोकरी मी स्वीकारते. एकूण वार्षिक वेतन ९ लाख ६० हजार रुपये, कामाचं ठिकाण पुणे, आणि आपल्या आजच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे रुजू होण्याची बदललेली तारीख अमुक. सही केलेलं पत्र सोबत जोडलं आहे. हे मिळाल्याचं आणि बदललेली तारीख नोंदवल्याचं कृपया कळवावं, म्हणजे मी सध्याच्या ठिकाणी राजीनामा देईन."

यात आनंद झाला, आभारी आहे असं तिने एका ओळीत लिहिलं होतं, ते राहू दिलं. बाकी सगळे तपशील. कारण दोन महिन्यांनी पत्र काढणारी व्यक्ती तिथे नसली, तरी तारीख आणि ठिकाण एका जागी लिहिलेलं राहतं. राजीनाम्याचा उल्लेखही मुद्दाम केला. ही मुलगी तुमच्या शब्दावर चालू नोकरी सोडते आहे, हे त्यांच्याकडे नोंदलेलं असावं. याने शंभर टक्के संरक्षण मिळतं असं नाही, पण उद्या काही बोलायची वेळ आली तर बोलायला कागद असतो.

साडेसहाला मेल गेलं. सव्वासातला उत्तर आलं, तारखेसकट. मगच दुसरं पत्र.

दुसऱ्या पत्राचा तिचा मसुदा चांगला पानभर होता. घरची परिस्थिती, करिअर, पुण्याची कंपनी किती मोठी आहे, आणि शेवटी "पगाराचा थोडा फरक असल्याने". मी विचारलं, "हे खरं आहे का ग?"

"नाही. पण काहीतरी कारण द्यायला हवं ना, काका?"

इथेच बहुतेक नकार फसतात. पगाराचं कारण दिलं असतं तर मालकांनी सकाळी फोन करून पन्नास हजार वाढवले असते. मग काय सांगणार? ज्या कारणावर सौदा होऊ शकतो ते लिहिलं की दार अर्धवट उघडं राहतं, आणि समोरचा भला माणूस असेल तर तो आत येतोच. शिवाय दुसऱ्या कंपनीचं नाव आणि आकडा सांगणं म्हणजे दोघांचीही गुपितं वाटणं. नकाराच्या पत्रात तीन गोष्टी पुरतात: आभार, स्पष्ट नाही, आणि त्यांच्या वेळेची जाणीव.

पण माणूस ओळखीचा होता. स्वतः दोनदा वेळ देणाऱ्याला नुसतं मेल टाकणं आपल्याकडे बरं दिसत नाही. म्हणून तिने आधी फोन केला, कन्नडमध्ये. दोन मिनिटं बोलली. त्यांनी विचारलंच, "पगाराचं काही आहे का? बोलू की." ती म्हणाली, "नाही सर, पगार योग्य होता. मी वेगळ्या कामाकडे जातेय, आणि तिकडे शब्द दिलाय." तो शब्द पाऊण तासापूर्वीच दिला होता, म्हणून तिला ते अडखळता सांगता आलं. क्रम उलटा असता तर याच प्रश्नावर ती डळमळली असती.

मग मेल, चार ओळींचं:

"आपण दिलेल्या ऑफरबद्दल आणि दोन्ही मुलाखतींत दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभारी आहे. विचार करून मी ही नोकरी न स्वीकारण्याचं ठरवलं आहे. आपल्याला पुढच्या उमेदवाराला कळवता यावं म्हणून मुदतीच्या आत आजच लिहीत आहे. आपल्या कंपनीला शुभेच्छा."

"सध्या", "तूर्तास", "शक्य झाल्यास पुढे" असले शब्द तिने घातले होते, ते काढले. नकार मऊ वाटावा म्हणून आपण ते घालतो, पण वाचणाऱ्याला वाटतं की अजून आशा आहे.

आठच्या सुमाराला ते गेलं. पोरगी लॅपटॉप मिटून थोडा वेळ तशीच बसली. होकारापेक्षा हे पत्र जड गेलं, म्हणाली. जाणारच. होकार लिहिताना आपण मिळवत असतो.

राजीनामा शुक्रवारी सकाळी दिला. पुण्याच्या पडताळणीला मध्ये तीन आठवडे लागले, तेव्हा वहिनींनी मला दोन वेळा "बघा हं भावजी" म्हणून ऐकवलं. त्या दिवसांत माझ्याही पोटात गोळा होताच, नाही कशाला म्हणू. शेवटी पार पडलं, ती ठरल्या तारखेला रुजू झाली.

हुबळीच्या मालकांनी शनिवारीच यादीतल्या दुसऱ्या मुलाला बोलावलं. तो गदगचा. हे आम्हाला कळलं ते दादाकडून, नंतर मालक एका लग्नात भेटले तेव्हा. मालक दादाला म्हणाले, "तुमच्या मुलीनं वेळेत सांगितलं म्हणून तो मुलगा मिळाला, नाहीतर तो बेंगळुरूला निघाला होता." जेवणाच्या पंगतीत वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारली.