साठातले छत्तीस

देवरूखचा माझा मामेभाऊ म्हणजे आयपीएलचा सॉलिड पंडित. गेल्या सीझनला त्याने एक वही घातली. टॉसच्या आधी विजेत्या टीमचं नाव लिहायचं, रात्री बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. पैशाचा संबंध नाही, नुसत्या कागदी पैजा. साठ मॅचेस लिहिल्या, छत्तीस बरोबर आल्या. म्हणजे ६० टक्के!

गणपतीत गेले तेव्हा दादाचा बेत कळला. काजूचे दोन लाख आलेत, ते पुढच्या सीझनला लावायचे. "अगो, मुंबईचा एक जण शंभराला नव्वद देतोय." क्रिकेटवरचा सट्टा मुळात बेकायदा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेम्सवरही संसदेने बंदी आणली, हे सांगून झालं. त्याने दुसरा मोदक घेतला. म्हटलं, ठीक आहे, वहीच आण. आकड्यांतच बोलू.

पहिली गोष्ट, शंभराला नव्वद या भावात निम्म्या पैजा जिंकून भागत नाही. दहातल्या पाच जिंकल्या तर साडेचारशे आले आणि पाचशे गेले. नुसतं बरोबरीत राहायला १०० भागिले १९०, म्हणजे ५२.६ टक्के पैजा जिंकायला लागतात. दादा म्हणाला, "मग मी तर साठवर आहे!"

आहे, पण साठ मॅचेसपुरता. आपल्याला हवा आहे त्याचा खरा विन रेट, हजारो मॅचेस खेळला तर जो उतरेल तो. तो कुणालाच दिसत नाही. मग करायचं असं, की ० ते १०० टक्क्यांतला प्रत्येक आकडा 'हाच खरा रेट असेल' म्हणून रांगेत उभा करायचा. सुरुवातीला सगळ्यांची उंची सारखी. दादा एक मॅच जिंकला, की प्रत्येकाची उंची त्याच्या स्वतःच्या रेटने गुणायची. हरला, की 'एक वजा रेट'ने. साठ मॅचेसनंतर जो डोंगर उरतो, तेच बीटा डिस्ट्रिब्युशन. हा प्रश्न थॉमस बेज या इंग्लिश पाद्र्याने मांडला होता आणि त्याचा निबंध १७६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला.

डोंगराचं शिखर ६० टक्क्यांवर येतं, त्यात नवल नाही. मजा पुढे आहे. ५० टक्क्यांपाशी, म्हणजे नुसतं नाणं उडवणाऱ्याच्या जागी, उंची शिखराच्या जवळजवळ ३० टक्के उरते. तो बिचारा अजून शर्यतीत आहे! नेमका पट्टा काढायला एक्सेल पुरतं. जिंकलेल्यांत एक आणि हरलेल्यांत एक मिळवायचा, ३७ आणि २५:

```
=BETA.INV(0.025,37,25)
=BETA.INV(0.975,37,25)
```

उत्तर येतं साधारण ४७ आणि ७१. म्हणजे वहीवरून ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं, की दादाचा खरा रेट या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. ५२.६ ही रेघ पट्ट्याच्या आतच पडते. तो रेघेच्या वर असण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के आली, तेव्हा दादाची कॉलर टाइट झाली.

पण सुरुवातीला आपण सगळे रेट सारखे धरले होते. दादा ९० टक्केवाला असणं आणि ५१ टक्केवाला असणं आपण एकाच पारड्यात घातलं. मॅचचा निकाल ओळखण्यावर पोट भरणारे लोक जगभर बसलेले असताना हे जरा जास्तच लाडाचं झालं. मी त्याला १०० जुन्या काल्पनिक मॅचेस बहाल केल्या, पन्नास जिंकलेल्या, पन्नास हरलेल्या. आता आकडे ८६ आणि ७४. पट्टा ४६ ते ६१ वर आला आणि नफ्यात असण्याची शक्यता ८७ वरून ६१ वर. शंभर कशाला, वीस का नाहीत? हा वाद घालता येतो आणि दादाने तो घातलाच. वीस घेतल्या तर उत्तर मधे कुठेतरी येतं. मुद्दा असा, की साठ मॅचेस इतक्या कमी आहेत की सुरुवातीचा समजच उत्तर हलवतो. सहाशे मॅचेसमध्ये ३६० बरोबर असते, तर साधा पट्टाच ५६ ते ६४ आला असता आणि माझं तोंड बंद झालं असतं.

मग मी विचारलं, यातल्या किती मॅचेस तगड्या टीमवर लिहिल्यास? बऱ्याच, म्हणाला. तगड्या टीमला शंभराला नव्वद कोण देतं? चाळीस, पन्नास मिळतील. शंभराला पन्नासला बरोबरीची रेघ थेट ६६.७ टक्क्यांवर जाते, आणि प्रत्येक मॅचचा भाव वेगळा असला, तर नुसत्या विन रेटचा डोंगर नफ्यातोट्याबद्दल काहीच सांगत नाही. वहीत भावाचा रकानाच नव्हता.

दादाने पट्टी घेतली आणि कोऱ्या पानावर चौथा रकाना आखला: टॉसआधीचा भाव. काजूचे पैसे मामीने बँकेत एफडीत टाकले.