कुंडीच्या तोंडाला भुलू नका

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून घमेलं घेऊन जिना चढणं मी सोडलंय. मस्तगडातल्या घरांमध्ये माती आता भाचा वर नेतो. वर नेलेली माती परत खाली आणायला त्याची तयारी नसते, त्यामुळे किती लागेल हे आधीच सांगावं लागतं. पूर्वी मी नजरेनं सांगायचो. त्या अंदाजाचा ताठा एवढा, की गिऱ्हाइकासमोर टेप काढायला कमीपणा वाटायचा.

फसवते ती कुंडीची निमुळती घडण. बारा इंची कुंडीचं तोंड 30 सेंटीमीटर, बूड 20. पाण्यासाठी वर दोन बोटं सोडली, की मातीची उंची 27 उरते. तोंडाचाच व्यास खालपर्यंत धरला तर 19 लिटर येतात. प्रत्यक्षात तेरासुद्धा मावत नाहीत. म्हणून व्यास मातीच्या निम्म्या उंचीवर घ्यायचा, इथे साधारण साडेचोवीस. त्याला त्यानंच गुणायचं, मग उंचीनं, मग 0.785 नं, आणि हजारानं भागायचं. पोट सुटलेल्या कुंडीला हे लागू नाही. तिचं भोक चिकणमातीनं बुजवून लिटरच्या मापानं पाणी ओतावं. कुंडी मातीची असेल तर आधी भिजवून घ्यावी, नाहीतर तीच पाणी पिते.

परवाच्या गॅलरीत अशा बारा इंची सहा कुंड्या होत्या, म्हणजे 76 लिटर. दोन लांबट कुंड्यांचे 36, पोटवालीचे 18. एकूण 130.

"मामा, मग साडेसहा डबे," भाचा म्हणाला. आमचा डबा रंगाचा, वीस लिटरचा.

खरी मेख इथेच आहे. सैल माती पहिल्या पाण्याला बसते. शिवाय एक डबा वाळू आणि एक डबा पालापाचोळ्याचं खत कालवलं, तर दोन डबे होत नाहीत. बारीक कण मोठ्यांच्या फटीत शिरतात. आपली काळी माती तर सुकली की आक्रसून कुंडीची कड सोडते, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. म्हणून मी ती तिसऱ्या हिश्श्याच्या वर घालत नाही. माझ्या मिश्रणाला पंधरा टक्के जादा पुरतात. म्हणजे 150 लिटर, साडेसात डबे. पण अंगठ्यानं दाबून भरणाऱ्याला कितीही आणा, कमीच पडेल. दोन थरांत भरावी, पाणी द्यावं आणि दुसऱ्या दिवशी वरची भर घालावी.

हल्ली तयार माती किलोवर विकतात, याचा मला राग येतो. ओल्या पोत्यात पाण्याचेही पैसे मोजावे लागतात, आणि कुंडीत किती भरेल ते वजनावरून कळतच नाही. काहीजण माती वाचवायला तळाशी खडीचा जाड थर देतात. त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

पोतं घेताना दुकानदाराला किलो विचारू नका, लिटर विचारा.