भित्तिपत्रकासाठी एक शिफारस

प्रदर्शन समितीच्या सन्माननीय सभासदांस,

मोटेच्या विहिरींवरील छायाचित्रांच्या आपल्या प्रदर्शनासाठी भित्तिपत्रकावरील चित्र मुक्रर करण्याची बाब आपण माझ्याकडे सोपविली. निवडीअंती उरलेली तिन्ही चित्रे मी निरनिराळ्या प्रकाशात पाहिली, त्यांच्या टपालाच्या तिकिटाएवढ्या लहान प्रती करून हातभर अंतरावरूनही न्याहाळल्या, आणि तिसऱ्या चित्राची शिफारस करावी या निर्णयास आलो. त्याची कारणे सविस्तर नमूद करणे मला अगत्याचे वाटते, कारण कलाकृती म्हणून ते तिहींत श्रेष्ठ आहे असे माझे म्हणणे नाही.

पहिले चित्र साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीचे. शाहू छत्रपतींच्या काळात, शके १६४१ ते १६४६ म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या अवधीत, वीरूबाई भोसले यांनी बांधविलेली ही अष्टकोनी वास्तू छायाचित्रकाराने काठावरून खाली पाहत टिपली आहे. तिची कीर्ती मोठी असल्यामुळे समितीचा कल तिच्याकडे झुकणे स्वाभाविक आहे. परंतु चित्र आडवे आहे आणि आपले भित्तिपत्रक वीस इंच रुंद व तीस इंच उंच, म्हणजे उभे. तीनास दोन या प्रमाणाचे आडवे चित्र पूर्ण उंचीने या चौकटीत बसवू गेल्यास त्याच्या रुंदीचा निम्म्याहून अधिक भाग कापावा लागतो, आणि त्या कापणीत अष्टकोनाच्या दोन्ही कडेच्या बाजू जातात. मग उरतो तो दगडाचा एक उभा पट्टा व तळाशी पाणी. आकार हाच ज्या चित्राचा प्राण, त्याचा आकारच त्यातून नाहीसा होतो.

दुसरे चित्र तिहींत सर्वांत सुंदर आहे, हे मी निःसंकोच लिहितो. पायऱ्या उतरताना कमानीखालच्या गडद सावलीतून पलीकडचे ऊन दिसते, आणि त्या सावलीतही प्रत्येक पायरीची कड, भिंतीवरचे शेवाळ, ओलाव्याची रेघ हे सारे मूळ प्रतीत शाबूत आहे. मात्र छापखान्यात करड्या छटा शाईच्या बारीक ठिपक्यांनी उमटतात, आणि साध्या कागदावर शाई शोषली जाऊन हे ठिपके पसरतात. उजळ भागात त्याने विशेष बिघडत नाही, पण गडद भागात ठिपक्यांमधील इवल्या फटी बुजतात आणि आठ निरनिराळ्या काळिम्यांचा एकच काळा डाग होतो. लहान प्रतीत हीच गत दिसली: पायऱ्या विरघळल्या, कमान तेवढी उरली, आणि विहीर आहे की किल्ल्याचा दिंडी-दरवाजा, हे सांगता येईना. हे चित्र दालनात प्रवेश करताच समोर, मूळ प्रतीच्या स्वरूपात लावावे, अशी माझी स्वतंत्र विनंती आहे.

आता तिसरे. एका खेड्यातील अनाम विहिरीचा काठ, त्यावरचे दगडी थारोळे, आणि काठाच्या दगडात दोराने पाडलेले खोल चर, एवढेच त्यात आहे. बैल उतरत्या धावेवरून पुढे गेले की चाकावरून जाणारा जाड नाडा मोट वर खेचतो. काठाशी असलेल्या कण्यावरून खालची बारीक सोंदूर सरकते आणि मोटेची सोंड थारोळ्यात मोकळी होऊन पाणी पाटाला लागते. कणा झिजला वा निसटला की दोर दगडावरच घासतो, आणि पिढ्यानुपिढ्यांच्या त्या घर्षणाने असे चर पडतात. उतरत्या उन्हाने तिरपा प्रकाश टाकल्यामुळे त्यांच्यात दाट सावली भरली आहे. लहान प्रतीतही ते पुसट होत नाहीत. पहिली दोन चित्रे बांधणाऱ्यांचे वैभव सांगतात. पाणी काढणाऱ्यांचे श्रम सांगणारे चित्र हेच, आणि आपल्या प्रदर्शनाचा विषयही तोच आहे.

शिवाय चित्र मुळातच उभे असून त्याच्या वरच्या तृतीयांशात निरभ्र, एकसारखे आकाश आहे. देवनागरी अक्षरांस अशीच जागा लागते: दगडांच्या आडव्या सांध्यांवर शीर्षक छापले तर शिरोरेखा त्या सांध्यांत मिसळते, आणि वेलांट्या व उकार यांना मोकळीक न मिळाल्यास दुरून जाणाऱ्या वाटसरूस शब्द वाचता येत नाही.

यास अनुसरून माझी अशी सूचना आहे की तिसरे चित्र मंजूर करावे, चरांवर एकही अक्षर येऊ देऊ नये, छायाचित्रकाराचे नाव तळाशी स्पष्ट छापावे, आणि अखेरची मंजुरी देण्यापूर्वी प्रत्यक्ष वापरावयाच्याच कागदावर मुद्रित घेऊन ते वीस फुटांवरून पाहावे. त्या अंतरावरून चर दिसले नाहीत, तर ही शिफारस रद्द समजून निवड नव्याने करावी.